थकलेले कर्ज, थांबलेला माग

शंभर कामगारांनी बँकेत हजार-हजार ठेवले, की लाख होतात. त्यांतून कुणी यंत्रमाग घेतो. माग कर्ज फेडणार पाच वर्षांत, ठेवीदार पैसे मागेल उद्याही. सारे एकाच दिवशी येत नाहीत, म्हणून बँक चालते. विश्वास उडाला की सारे येतात. १९६० साली केरळातील पालै सेंट्रल बँक बंद पडली. १९६२ पासून ठेवींना विमा आला. परंतु विमा ठेव राखतो, थकलेले कर्ज परत आणीत नाही. मार्च २०१८ मध्ये आपल्या बँकांच्या शंभर रुपये कर्जातले सुमारे अकरा थकले होते. तो तोटा भांडवलातून भरताना बँक हात आखडते आणि दुसऱ्याचा माग उभाच राहत नाही. जुने फेडायला नवे कर्ज मिळू लागले, की रोग ओळखावा.