रांगेतल्या वेळेचा दर
(गणेशोत्सवातल्या सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)

आरतीनंतर प्रसादाआधी वीस मिनिटं बोला असं सांगितलंय, म्हणजे प्रसादाकडे लक्ष असलेल्या श्रोत्यांसमोर बोलायचं आहे. तेव्हा थेट विषयावर येतो.

आपल्या मंडळातले आम्ही सहा-सात जण गेली तीन वर्षं घरोघरच्या बाहेरच्या कामांची एक वही चालवतो. वीजबिल, नळपट्टी, पासबुकाची नोंद, दवाखान्यातून रिपोर्ट आणणं, तयार झालेला दाखला उचलणं, अशी कामं. फिरणारे दोघे आहेत, एक तरुण दादा आणि एक ताई, दोघंही आपल्याच घरांतले. आम्हा बाकीच्यांत तिघे सरकारी नोकर. आचरण नियमांप्रमाणे आम्हाला धंदा करता येत नाही, म्हणून पैशाला आमचा हात लागत नाही. वही बघणं, दर ठरवणं आणि भांडणं सोडवणं एवढंच आमच्याकडे.

पुष्कळ जण विचारतात, आता बिलं मोबाईलवर भरता येतात, मग रांग लावायला माणूस कशाला? प्रश्न बरोबर आहे. पहिल्या वर्षी वहीत निम्म्याहून जास्त बिलंच होती, आता ती कमी झाली. उरली ती कागदाची कामं. सही करून घ्यायचा कागद, शिक्का लागणारा कागद, मूळ प्रत. इंदूरच्या आपल्या घरांतली निम्मी मुलं पुण्याला, हैदराबादला नाहीतर त्याहून लांब, आणि इथे सत्तरीतले आईवडील. मुलगा तिथून बिल भरू शकतो, पण खिडकीवरून फाईल उचलू शकत नाही.

आता दर. सुरुवातीला आम्ही एक चूक केली, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून शिकलो. आम्ही ठरवलं होतं, काम झालं तर ५० रुपये, नाही झालं तर काही नाही. ऐकायला किती न्याय्य वाटतं! दोन महिन्यांनी एका घरच्या हिशेबात 'इतर खर्च १००' असं आलं. विचारल्यावर दादाने खाली मान घालून सांगितलं की एका कार्यालयात तिसऱ्यांदा परत पाठवत होते, म्हणून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला शंभर दिले आणि काम झालं. त्याचा दोष किती आणि आमचा किती? दोन फेऱ्या त्याच्या फुकट गेल्या होत्या. तिसरीही गेली असती तर पेट्रोलसुद्धा अंगावर पडलं असतं. आम्ही स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारी माणसं. दलाल कसा तयार होतो हे आम्हाला कळायला हवं होतं. काम 'करून देण्याचे' पैसे ठरवले की माणूस दलाल होतो. वेळेचे आणि पायपिटीचे ठरवले की तो आपला निरोप्या राहतो.

त्या दिवशी नियम बदलला. काम होवो न होवो, फिरणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे मिळतात. बदल्यात दाखवलेल्या पावतीपलीकडे एक रुपयाही तो कुणाला देत नाही. कुणी मागितला तर परत येतो आणि घरच्यांना तसं सांगतो.

मग वेळेचा दर काय? आमच्यातले दोघे बांधकाम खात्यात उपयंत्री, दर विश्लेषण हा रोजचा धंदा. तेच इथे लावलं. महिन्याला १२,००० रुपये सुटावेत असं धरलं. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला साधारण ५८. पण आठही तास काम नसतं, मधे रिकामं बसणं येतं. सहा तास भरले असं धरलं तर तासाला ७७, ते आम्ही ८० केले. गाडीला पेट्रोल, टायर आणि सर्व्हिसिंग धरून किलोमीटरला ४ रुपये. एका घरचं एकच काम, जाऊन-येऊन ६ किलोमीटर आणि रांगेसकट एक तास. झाले १०४ रुपये.

हा आकडा ऐकून सभेत कुजबुज झाली होती, आत्ताही झालीच! सहाशेच्या बिलाला शंभर रुपये कोण देईल? पण खर्च खरोखर तेवढा आहे. कुणी वीस रुपयांत करून देतो म्हणाला, तर उरलेले पैसे तो कुठून काढणार हे आधी विचारा.

उपाय कामं जोडण्यात निघाला. पाच घरांची पाच कामं एका फेरीत घेतली की अडीच तास लागतात आणि १० किलोमीटर होतात. २०० अधिक ४०, म्हणजे २४०. प्रत्येकी ४८. म्हणून दोन दर आहेत. मंगळवार-शुक्रवारच्या फेरीत काम दिलं तर ५० रुपये, आजच्या आज हवं असेल तर ११०. यात रांगेतला अर्धा तास धरलेला आहे. त्यापुढे दर पाव तासाला २० रुपये, पण अर्धा तास संपताना फिरणाऱ्याने फोन करून 'थांबू की परत येऊ' हे विचारायचं. एखाद्या मंगळवारी तीनच कामं आली तर फेरी तोट्यात जाते, तरी दर वाढवत नाही. सहा-सात कामं आली त्या दिवशीचे वरचे पैसे पेटीत पडतात, तोटा त्यातून भरतो.

ही पेटी दुसऱ्याही कामाला येते. गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. सुदामानगरातल्या एका काकूंची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे पैसे आधी आपण भरायचे आणि मग विमा कंपनीकडून परत मागायचे, असा प्रकार. मूळ कागद तिच्या पॉलिसीप्रमाणे ३० दिवसांत पोचायला हवे होते. मुलगा पुण्याला. काम वहीत आलं तेव्हा १८ दिवस उलटले होते.

ताई पहिल्यांदा गेली. खिडकीवर म्हणाले, पेशंटला घेऊन या. अधिकारपत्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या सहीचं पत्र घेऊन गेली. काकूंनी ते सुंदर मराठीत लिहिलं होतं, 'कळावे, लोभ असावा' इथपर्यंत! समोरच्या बाबूने अर्धं वाचलं आणि परत केलं. तिसऱ्यांदा पत्र हिंदीत करून नेलं. त्यात रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, नेमके कोणते कागद द्यायचे, कुणाला द्यायचे, किती तारखेपर्यंत, हे सगळं लिहिलं. खाली ताईची सही आणि तिच्यासमोर काकूंची साक्षांकनाची सही. दोघींच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या, आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी. प्रतीवर आडवं लिहिलं, 'केवळ या रुग्णालयातील कागद घेण्यासाठी', आणि खाली तारीख. ती प्रत दुसरीकडे कुणी वापरू नये म्हणून.

कागद मिळाले. पण ताई तिथून हलली नाही. उभ्या उभ्या एकेक कागद पाहिला आणि दोन गोष्टी सापडल्या. डिस्चार्ज कार्डावर आडनाव 'काले', विमा पॉलिसीवर 'काळे'. हिंदीत ळ चालत नाही, त्यामुळे आपल्या टिळक-काळे मंडळींचं हे नेहमीचं दुखणं. रोमन अक्षरांतही एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतं. दुसरं म्हणजे गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी, जिच्यावर कंपनीचा क्रमांक असतो, ती फाईलमध्ये नव्हती. विमावाले बिलाबरोबर ती मागतात. खिडकी सोडून घरी आल्यावर हे लक्षात आलं असतं तर चौथी फेरी, आणि दिवस संपत आलेले. तिथेच नावाची दुरुस्ती शिक्क्यासह करून घेतली, चिकटपट्टी शस्त्रक्रियागृहाच्या नोंदीतून मागवली. एक तास रांगेत गेला.

आता पैसे कुणी किती द्यायचे? पहिल्या दोन फेऱ्या आमच्या चुकीच्या. अधिकारपत्राचा नमुना आधी आम्हीच द्यायला हवा होता. त्या दोन फेऱ्यांचे २२० रुपये ताईला पेटीतून दिले. तिसऱ्या फेरीचे ११० आणि जास्तीच्या अर्ध्या तासाचे ४०, असे १५० काकूंनी. काकू सगळे द्यायला तयार होत्या, आम्ही घेतले नाहीत. ज्याची चूक त्याचा खर्च, पण फिरणाऱ्याची मजुरी कधीच बुडत नाही. कागद २३व्या दिवशी पोचले.

रोख पैशांबद्दल थोडं. प्रत्येक घराची वेगळी चेनची पिशवी. रक्कम दोघांसमोर मोजायची, वहीत लिहायची, उरलेले पैसे आणि पावती त्याच पिशवीत परत. एकदा दादाने सोयीसाठी एका आजोबांची रोख खिशात ठेवली आणि त्यांचं वीजबिल स्वतःच्या मोबाईलवरून भरलं. आयव्हीआरएस नंबरातला एक आकडा चुकला आणि कुणा अनोळखी माणसाचं बिल भरलं गेलं. पावती हातात होती, त्यामुळे महिनाभर कुणाला कळलं नाही. पुढच्या बिलात मागील बाकी आली तेव्हा कळलं. पैसे पेटीतून भरले. तेव्हापासून भरण्याआधी पडद्यावर येणारं नाव मोठ्याने वाचायचं आणि पावतीवरचा नंबर जुन्या बिलाशी ताडून बघायचा. तुम्हीही पुढचं बिल आलं की 'मागील बाकी'चा रकाना आधी बघा. पावतीपेक्षा तो जास्त खरा.

आणि काही गोष्टी आम्ही घेतच नाही. ओटीपी, एटीएमचा पिन, सही केलेला कोरा चेक. एक आजी रागावल्या, 'तू घरचाच ना रे?' घरचा आहे म्हणूनच नको, आजी. उद्या खात्यात काही गडबड झाली, तर पहिला संशय घरच्यावरच येईल आणि आपलं बोलणं बंद होईल. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तर तुमचं बोट किंवा चेहराच लागतो, तिथे आमचा माणूस काय करणार? त्यासाठी पोस्टमन घरी येतो, त्याला बोलावून द्यायचं काम आम्ही फुकट करतो.

वही मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सहा ते आठ उघडी असते. अधिकारपत्राचे हिंदी नमुने तिथेच ठेवले आहेत, एकेक घेऊन जा. या शुक्रवारची फेरी नेहमीप्रमाणे होईल. अनंत चतुर्दशीला मात्र झांक्यांमुळे रस्ते बंद असतात, त्या दिवशी फेरी नाही आणि तातडीचं कामही नाही. दादा स्वतः ढोल पथकात आहे.