कंपनीचा सातबारा आणि त्यातील ‘इतर हक्क’
(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या कार्यकर्त्यांना भांडवलाचा प्रश्न आठवतो तो कापसाच्या संदर्भात. 1972 साली एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा भांडवल कोणाचे, याचे उत्तर सरळ होते. ते सरकारचे होते आणि त्याचा जाब विधानसभेत विचारता येत असे. आज याच जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आहेत, शिकलेली मुले स्वतःच्या कंपन्या काढीत आहेत, आणि त्यांच्या दाराशी ज्याला ‘व्हेंचर कॅपिटल’ म्हणतात ते साहसभांडवल येऊ लागले तर नवल नाही. हे भांडवल कर्ज नव्हे. त्याला व्याज नाही, तारण नाही. ते मालकीचा हिस्सा मागते. तो हिस्सा कसा जातो आणि त्याची नोंद कोठे होते, हा आजचा विषय आहे.

या नोंदीच्या तक्त्याला धंद्यात ‘कॅप टेबल’ म्हणतात. शेतकऱ्याला तो समजावून सांगणे अवघड नाही, कारण तो कंपनीचा सातबाराच होय. कोणाच्या नावे किती भाग, कोणत्या प्रकारचे, कोणत्या भावाने घेतलेले, हे त्यात असते. भांडवलाची प्रत्येक फेरी म्हणजे एक फेरफार. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. कायद्याला ठाऊक असते ती सभासदांची नोंदवही. कॅप टेबल हा व्यवहाराचा कागद आहे, आणि त्यात अद्याप न दिलेले, पण देण्याचे कबूल केलेले भागही धरावे लागतात. ते न धरता काढलेली टक्केवारी फसवी असते.

समजा, दारव्हा तालुक्यातील दोन तरुणांनी कापसाची प्रतवारी करून तो थेट सूतगिरण्यांना पोचविणारी कंपनी काढली. दोघांचे मिळून 70 हजार भाग, म्हणजे मालकी शंभर टक्के. एक गुंतवणूकदार येतो आणि म्हणतो, ‘तुमच्या कंपनीची आजची किंमत 8 कोटी धरतो, 2 कोटी घालतो.’ एकूण 10 कोटी, त्याचा हिस्सा 20 टक्के. तरुणांना वाटते, आपल्याकडे 80 उरले. परंतु करारात आणखी एक ओळ असते: पुढे नेमावयाच्या कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्के भाग राखून ठेवावेत, आणि ते गुंतवणुकीपूर्वीच्या किमतीत धरावेत. तक्ता मांडला की चित्र उलगडते. संस्थापकांचे 70 हजार, कर्मचाऱ्यांसाठी 10 हजार, गुंतवणूकदाराचे 20 हजार, एकूण एक लाख भाग. 2 कोटींना 20 हजार म्हणजे भाव 1 हजार रुपये. त्या भावाने संस्थापकांचे 70 हजार भाग 7 कोटींचे होतात. बोलणे झाले होते 8 कोटींचे! राखीव भागांचा सारा भार जुन्या मालकांनी सोसला, नव्याने काहीच सोसले नाही.

दुसऱ्या फेरीत दुसरा गुंतवणूकदार 4 हजारांच्या भावाने 25 हजार नवे भाग घेतो आणि 10 कोटी देतो. एकूण भाग सव्वा लाख होतात. संस्थापकांचे भाग 70 हजारच राहतात, त्यातला एकही कोणी काढून घेतलेला नसतो. तरी हिस्सा 70 वरून 56 टक्क्यांवर येतो. यालाच हिस्सा पातळ होणे म्हणतात. आपल्याकडे या ठिकाणी लगेच ‘लूट’ हा शब्द वापरला जातो, आणि तो चुकीचा आहे. त्या 56 टक्क्यांची कागदावरील किंमत आता 28 कोटी आहे. हिस्सा घटला, पण भाव त्याहून अधिक वाढला. जोवर नव्या फेरीचा भाव चढता आहे तोवर टक्केवारीच्या घटीवर अश्रू ढाळण्याचे कारण नाही. केवळ एक उंबरठा पाहावा. कंपनी कायद्यानुसार विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. 56 टक्क्यांवर साधा ठराव करून घेता येतो, विशेष ठराव एकट्याने करून घेता येत नाही.

खरी मेख आहे ती ‘इतर हक्का’त. सातबारा वाचणारा जाणता माणूस खातेदाराचे नाव पाहून थांबत नाही, तो इतर हक्कांचा रकाना पाहतो. गुंतवणूकदार भारतात बहुधा साधे समभाग घेत नाही. तो पुढे समभागांत रूपांतर करावेच लागेल असे प्राधान्य भाग घेतो, आणि कंपनी विकली गेली तर घातलेली रक्कम आधी परत घेण्याचा हक्क त्यांना जोडलेला असतो. आता समजा, बाजार पडला आणि ही कंपनी 15 कोटींना विकावी लागली. 56 टक्क्यांच्या हिशेबाने संस्थापकांना 8 कोटी 40 लाख मिळावयास हवेत. प्रत्यक्षात शेवटी आलेला गुंतवणूकदार आपले 10 कोटी प्रथम उचलतो. पहिला आपले 2 कोटी घेतो. उरलेले 3 कोटी संस्थापक आणि राखीव भाग मिळालेले कर्मचारी यांच्यात वाटले जातात. संस्थापकांच्या हाती 2 कोटी 62 लाख 50 हजार येतात, म्हणजे विक्रीच्या साडेसतरा टक्के. तक्ता शेवटच्या दिवसापर्यंत 56 टक्केच दाखवीत होता.

कंपनी यशस्वी होऊन शेअर बाजारात आली, तर मात्र हे प्राधान्य भाग त्यापूर्वीच समभागांत बदलावे लागतात आणि हा हक्क संपतो. तेथे उरते ती नुसती टक्केवारी. पुण्याची ‘फर्स्टक्राय’ ही लहान मुलांच्या वस्तू विकणारी कंपनी 2010 साली सुरू झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये बाजारात आली. तेव्हा संस्थापक सुपम माहेश्वरी यांच्याकडे सुमारे 6 टक्के भाग होते आणि जपानच्या सॉफ्टबँकेकडे सुमारे एक चतुर्थांश. कंपनीला ‘प्रवर्तक’ म्हणून दाखवावा असा कोणी उरलेलाच नव्हता.

शहरातील तरुण संस्थापकाचे काय व्हायचे ते होवो. तो आपला करार वाचण्यास समर्थ आहे. यवतमाळच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे, कारण येथे संस्थापक शेकडो शेतकरी असतात. उत्पादक कंपनीच्या कायद्यात भाग कितीही असोत, व्यक्तिगत सभासदाला मत एकच, आणि बाहेरच्या भांडवलाला सभासदत्व नाही. म्हणून वाट काढली जाते ती उपकंपनीची. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’मध्ये 2022 साली युरोपातील चार संस्थांचे 310 कोटी रुपये आले ते मूळ उत्पादक कंपनीत नव्हे, तर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीत. यात गैर काही नाही. फळप्रक्रियेचे मोठे कारखाने शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहत नाहीत, आणि ‘सह्याद्री’ने द्राक्ष उत्पादकांसाठी केलेले काम मोठे आहे. परंतु अशा रचनेत उपकंपनीच्या तक्त्यावर हजारो शेतकरी एका ओळीत येतात. ती ओळ असते त्यांच्या उत्पादक कंपनीची. एक माणूस एक मत हा नियम त्या ओळीपाशी थांबतो. पलीकडे मोजले जातात ते भाग, आणि प्रत्येक फेरीला पातळ होते ती हीच ओळ.

ही ओळ कोठवर आली आहे हे शेतकऱ्याला पाहता येते. उपकंपनीची सभासद नोंदवही सभासद नसलेल्यालाही शुल्क भरून पाहता येते, आणि ते शुल्क एका वेळेस 50 रुपयांहून अधिक असू शकत नाही. तेथे भाग दिसतात, इतर हक्क दिसत नाहीत. परंतु गुंतवणूकदार आपल्या अटी बहुधा कंपनीच्या नियमावलीतही घालून घेतो, आणि ती नियमावली कंपनी निबंधकाकडे दाखल असल्याने कोणालाही मिळते. ती मिळाली की दोन कलमे शोधावीत: विक्रीचे पैसे कोणी कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, आणि कोणते निर्णय गुंतवणूकदाराच्या पूर्वसंमतीवाचून घेता येत नाहीत. अडचण एवढीच की ही नियमावली बहुधा इंग्रजीत आणि जाडजूड असते. दारव्ह्याच्या किंवा वणीच्या शेतकऱ्यासाठी तिचे मराठी करून देणारा माणूस तालुक्याच्या गावी बसलेला नाही.