तंबाखूचे हात आणि टोमॅटोचं रोप : भिंतीतल्या बोगद्यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

रोपवाटिकेत काम करणाऱ्यांना एक सूचना हमखास दिली जाते. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोच्या रोपांना शिवायचं नाही. आधी साबणाने हात स्वच्छ धुवायचे. ऐकायला हे सोवळं-ओवळं वाटतं, पण यामागे पक्कं जीवशास्त्र आहे. टोबॅको मोझॅक व्हायरस, म्हणजे टीएमव्ही, हा तंबाखूचं पान वाळवून, पुडीत भरून ठेवलं तरी त्यात टिकून राहतो. तिथून तो हातावर येतो, आणि हातावरून रोपावर.

आता गंमत बघा. हा विषाणू पानावर नुसता पडून राहिला, तर काहीच होत नाही. पान थोडं खरचटावं लागतं. असं का? फ्लूच्या विषाणूला तर आपल्याला खरचटायची गरज पडत नाही. या एका फरकात वनस्पतीची पेशी आणि प्राण्याची पेशी यांची सगळी बांधणी दडलेली आहे.

आधी वनस्पतीची भिंत बघू. शाळेत आपण तिला पेशीभित्तिका म्हणायचो. तिचा मुख्य धागा म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले की सेल्युलोजची एक लांब साखळी होते. अशा साधारण दीड डझन साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या की एक तंतू तयार होतो, जाडी जेमतेम ३ नॅनोमीटर. एका मिलीमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात, यावरून अंदाज घ्या. हे तंतू विणणारं यंत्र पेशीच्या पटलातच बसवलेलं असतं. ते पटलातून सरकत जातं आणि मागे बाहेरच्या बाजूला धागा सोडत जातं. या धाग्यांच्या मध्ये पेक्टिन भरलेलं असतं. हो, तेच पेक्टिन, ज्यामुळे पेरूची जेली घट्ट होते.

एवढी मजबुती कशाला? कारण पेशी आत पाणी खेचून घेते आणि भिंतीवर आतून दाब देते. हा दाब अनेकदा कारच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. भिंत नसती, तर पेशी फुटलीच असती.

आता या भिंतीतून आरपार जायला जागा किती? धाग्यांमधली छिद्रं साधारण ५ ते १० नॅनोमीटरची. पाणी, साखर, क्षार आरामात जातात. आणि टीएमव्ही? तो एक ताठ काडी आहे, १८ नॅनोमीटर जाड आणि ३०० नॅनोमीटर लांब. म्हणजे दाराच्या फटीतून मुसळ घालण्यासारखं झालं. जमणारच नाही. म्हणून त्याला जखम लागते. शेंडा खुडताना, रोपं बांधताना, कपड्याला पान घासताना ज्या बारीक जखमा होतात, तेच त्याचं दार. इतर अनेक विषाणू मावा किंवा पांढरी माशी यांच्या सोंडेतून आत जातात. टीएमव्हीला बहुतेक वेळा माणसाचे हातच पुरतात.

आता प्राण्यांकडे येऊ. आपल्या पेशींना भिंत नाही. पण बाहेर मोकळी पोकळीही नाही. तिथे एक जाळं असतं, त्याला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. इथला मुख्य धागा कोलॅजेन. हा साखरेचा नाही, प्रथिनाचा. तीन साखळ्यांचा पीळ घातलेला दोरच म्हणा ना. त्याच्याभोवती पाणी धरून ठेवणारा जेलसारखा भाग असतो. म्हणजे युक्ती तीच, जेलमध्ये धागे. माल मात्र वेगळा.

खरा फरक वागण्यात आहे. वनस्पतीची पेशी भिंतीत कायमची कोंडलेली असते. आपली पेशी मॅट्रिक्सला पटलावरच्या प्रथिनांनी धरते, सोडते आणि पुढे सरकते. पांढऱ्या पेशी अशाच जाळ्यातून वाट काढत संसर्गाच्या जागी पोचतात. पण याची किंमतही आहे. आपल्या पेशीचं पटल उघडं असतं. फ्लूचा विषाणू त्यावरच्या साखरेच्या रेणूंना चिकटतो आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. भिंतीआड असलेल्या पेशीबाबत असं करता येत नाही.

मग प्रश्न येतो, टीएमव्ही जखमेतून एका पेशीत शिरला. पुढच्या पेशीत कसा जाणार? मध्ये पुन्हा भिंत आहेच की!

इथे येतात प्लाझ्मोडेस्माटा. शेजारच्या दोन पेशींना जोडणारे भिंतीतले बोगदे. बोगद्याची रुंदी ३० ते ५० नॅनोमीटर. दोन्ही पेशींचं पटल बोगद्याच्या आतून सलग जातं आणि मधून एक बारीक नळी जाते. त्यामुळे प्रत्यक्षात मोकळी राहणारी जागा काही नॅनोमीटरचीच. साखर जाते, आख्खा विषाणू जात नाही.

आपल्याकडेही पेशी-पेशींमध्ये वाटा आहेत. त्यांना गॅप जंक्शन म्हणतात. हृदयाच्या पेशी एका तालात आकुंचन पावतात त्या यांच्यामुळेच. पण तिथे प्रत्येक पेशी आपलं पटल राखून असते. दोन पटलांमध्ये फक्त प्रथिनाची छोटी नळी बसवलेली असते. वनस्पतीत मात्र पटलच एक झालेलं असतं. एका चाळीतल्या खोल्यांसारखं, भिंती वेगळ्या पण गॅलरी एकच.

टीएमव्ही याचाच फायदा घेतो. तो पेशीत शिरल्यावर स्वतःचं प्रथिनांचं कवच उतरवतो आणि एक खास प्रथिन बनवून घेतो, मूव्हमेंट प्रोटीन. १९८९ साली एका प्रयोगात हे प्रथिन बनवणारी तंबाखूची रोपं वापरली. त्यांच्या पेशींत चमकणारे, वेगवेगळ्या आकाराचे रेणू टोचले. साध्या रोपात साधारण ८०० डाल्टन वजनापर्यंतचेच रेणू शेजारी गेले. मूव्हमेंट प्रोटीन असलेल्या रोपात ९,००० डाल्टनपेक्षा जड रेणूही गेले. म्हणजे विषाणू स्वतः बारीक होत नाही, तो बोगदा सैल करतो. मग आख्खी काडी न जाता तिचा आरएनए, प्रथिनांच्या सोबतीने, पलीकडे सरकतो. असं पेशीमागून पेशी करत तो अन्नवाहिनीत पोचला, की रोपभर पसरतो.

रोप गप्प बसतं का? नाही. ते बोगद्याच्या तोंडाशी कॅलोज नावाचा साखरेचाच पदार्थ साठवून वाट आवळतं. काही तंबाखूच्या जातींत तर संसर्ग झालेल्या पेशी स्वतःच मरतात. पानावर छोटे सुकलेले ठिपके दिसतात आणि आजार तिथेच अडतो. धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी वनस्पतीत नाहीत, त्यामुळे दार बंद करणं किंवा खोलीच पाडून टाकणं, एवढेच उपाय हाती उरतात.

हे जमलं नाही, तर पानावर फिकट आणि गडद हिरव्याचे चट्टे उठतात, पानं कधी अरुंद, वेडीवाकडी होतात. पण सावध, पान वळलं म्हणजे टीएमव्हीच असं नाही. पांढऱ्या माशीने पसरणारा लीफ कर्लही पानं वाकडी करतो. आणि तिथे हात धुऊन भागत नाही, माशी आवरावी लागते. नक्की काय आहे हे प्रयोगशाळेतल्या चाचणीतच कळतं.

एकदा विषाणू बोगद्यांतून पसरला की त्याला मारणारी फवारणी नाही. रोगट रोप उपटावं लागतं. म्हणून सगळा भर भिंत शाबूत ठेवण्यावर. खुडणीआधी हात साबणाने धुवा, कामाच्या वेळी तंबाखू लांब ठेवा, आणि निरोगी रोपांचं काम आधी उरका, संशयित रोपांना शेवटी हात लावा.

आजच्यापुरतं एवढंच. रोपवाटिकेत काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!