अस्तराचा अर्धा इंच
(शिवणवर्गाच्या प्रमाणपत्र समारंभात केलेले भाषण)



वर्गावर शिकवण्याचे काम सोडून मी आता घरी बसले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे विचार न सांगता, पैसे घेऊन शिवू लागलात की पहिला तोटा कुठे होतो, तेवढेच सांगते. तो होतो अस्तरात.

सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते. वरचे रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचे कापड तितके आटत नाही. मग वरच्या कापडाला चुण्या पडतात, खालची पट्टी वर ओढली जाते आणि पोलके अंगात कसते. गिऱ्हाईक म्हणते, माप चुकले. माप बरोबर असते, अस्तर कोरे असते.

त्याची परीक्षा सोपी आहे. अस्तराच्या तुकड्यावर दहा इंचांचा चौकोन आखा, तुकडा धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. साडेनऊ भरला तर छत्तीस इंच छातीला जवळजवळ दोन इंच कमी पडणार. म्हणून बेतण्यापूर्वी अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असताना इस्त्री करावी. गिऱ्हाइकाचे रेशमी कापड मात्र भिजवू नये, रंग जाईल.

आता हिशेब करू. समजा, शिलाई ३०० रुपये ठरली. अस्तर ५० रुपयांचे, हूक-दोरा १० रुपयांचा, उरले २४०. बेतणे, शिवणे, हूक आणि हातशिलाई मिळून तीन तास लागले, म्हणजे तासाला ८० रुपये पडले. तेच पोलके परत आले तर उसवायला एक तास, पुन्हा शिवायला दोन, शिवाय नवे अस्तर ५० रुपयांचे. आता १९० रुपयांत सहा तासांचे काम. तासाला बत्तीससुद्धा पडत नाहीत! उसवताना रेशीम विरले तर भरपाई निराळीच.

कुणी विचारील, बाई, बाजूच्या शिवणीत माया ठेवली आहे ना? ती ठेवावीच. दोन्ही बाजूंना, पुढच्या व मागच्या भागाला एकेक इंच माया ठेवली, तर प्रत्येक कडेचा अर्धा इंच सोडून घेर दोन इंच वाढतो. गिऱ्हाइकाचे अंग भरले तर ती माया उपयोगी पडते. परंतु अस्तर उंचीलाही आटते, आणि तिथे बाजूची माया काय कामाची? चुण्या तशाच राहतात.

म्हणून काम घेतानाच अस्तर मागून घ्या, नाहीतर स्वतः आणा, आणि त्याच रात्री भिजत घाला. "उद्या संध्याकाळी द्या" असे कुणी म्हटले तर एक दिवस जास्त मागा. तो दिला नाही तर अस्तराचे काम घेऊ नका, हेच माझे सांगणे.