प्रतीक्षा

ही गोष्ट रायपूरच्या तात्यापारा भागातील बारावीच्या एका विद्यार्थिनीची. तिने मराठी-छत्तीसगढी शब्दांचे छोटेसे ॲप रचले होते. कांद्याला गोंदली, टोमॅटोला पताल! गूगल प्लेवर विकसकाचे खाते काढण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात, म्हणून ते आईच्या नावे निघाले. नव्या वैयक्तिक खात्यास आणखी एक अट असते: ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत सहभागी राहावे लागते.

तिने नेमके बाराच नातलग जमवले. नवव्या दिवशी मावशी चाचणीतून बाहेर पडली. बिचारीला वाटले, फोनमधली जागा अडते! संख्या अकरावर आली, सलगपणा तुटला. नवा गडी शोधून पुन्हा पहिला दिवस.

अर्ज गेला तेव्हा परीक्षेस पाच दिवस उरले होते, आणि उत्तरास सातही लागू शकतात. गणिते अर्धवट टाकून ती वारंवार ईमेल पाही. अखेर आईने फोन स्वतःकडे घेतला.

पहिल्या पेपरच्या सकाळी उत्तर आले : चाचणी अपुरी, आणखी १४ दिवस.

“आई, आलं का गं काही?”

“आधी दही-साखर घे. उशीर होतोय,” आई म्हणाली, आणि तिने फोन कपाटात ठेवला.