कोयत्यामागचे तिसरे हात

भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामगाराची हजेरी लागते, पगार त्याच्या नावाने निघतो. 1952 चा खाण कायदा आणि त्यातली 1983 ची दुरुस्ती यांनी अठरा वर्षांखालच्या मुलांना खाणकाम बंद केले. तो नियम पाळला गेला की नाही, हे हजेरीबुकावरून तपासता येते.

बीडच्या ऊसतोडीत असे बुक नसते. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हिशेब होतो टनावर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. जोडीने दिवसाला दोनेक टन ऊस तोडला, तरी आधी फिटायची ती उचल. खाडा पडला तर वर दंड. मग दहा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधतो, वाढे गोळा करतो, बैल सांभाळतो. त्याची बहीण कोपीवर तान्ह्याला घेऊन बसते आणि पाणी भरते, तेव्हा कुठे आई पहाटे फडात जाऊ शकते. या कामाची मजुरी कुणी वेगळी मोजत नाही, म्हणून ते कागदावर कधी येतच नाही.

कायदाही इथे अडखळतो. बालमजुरी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हात लावायची मुभा ठेवली. फडातला मुलगा ‘घरच्यांना मदत’ करतो, असे म्हणायला मग कुणाचे काय जाते?

गावच्या शाळेत मात्र हे लगेच दिसते. जून ते दिवाळी हजेरी बरी असते, आणि दिवाळीनंतर त्याच मुलांचे रकाने एकदम रिकामे होतात. कारखान्याचा पट्टा पडून टोळ्या परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणजे अख्खे दुसरे सत्र गेले.

यावर शिक्षण हमी कार्ड निघाले. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्याशिवाय बसता येते. पण टोळी एका फडावरून दुसऱ्यावर हलते, कोप्या शाळेपासून लांब पडतात, आणि कारखाना कर्नाटकातला असेल तर फळ्यावर कन्नड.

त्यापेक्षा गावातच ठेवणारे हंगामी वसतिगृह जास्त उपयोगी वाटते. आजी-आजोबा जवळ असतात, शाळाही तीच राहते. मात्र त्याची मंजुरी गाड्या भरण्याआधी हाती यायला हवी. ती डिसेंबरात आली, तर तोवर मुले सांगली-कोल्हापूरच्या फडात पोहोचलेली असतात आणि त्यांना परत आणायला कुणाला सवड नसते.