पुंगळी पितळेचीच का?



खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली म्हणून शिरूर-दौंडकडचे सगळे मला विचारतात, "पुंगळी पितळेचीच का? पोलाद स्वस्त नाही का?"

स्वस्त आहे. पण गोळी सुटताना पुंगळी फुगून बंदुकीच्या घराला चिकटते. पितळ लगेच किंचित आकसतं, म्हणून ती सहज बाहेर येते. पोलाद कमी आकसतं. त्यावर लॅकरचा पातळ थर द्यावा लागतो. तरीही अडकली, तर दौंडच्या राखीव दलातल्या आपल्या जवानाची बंदूक ऐन वेळी थांबेल. ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त. पण पुन्हा आकार देताना तडकतं, म्हणून एकदाच वापरायचं. पितळेची पुंगळी पुन्हा भरता येते. तोंडाशी चीर दिसली, की मात्र ती भंगारात. तिथेही तिला भाव मिळतोच!